मुलांच्या बॅडमिंटन अकादमीचे नाव कसे ठरवावे: सोलापुरातील प्रशिक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच नावातून पालकांना शिस्त आणि मुलांना मजा दिसणे खरोखर शक्य आहे का?

शक्य आहे, मात्र त्यासाठी नावात 'शिस्त' किंवा 'मजा' यांपैकी एकही शब्द असून चालत नाही. पालक आणि मूल एकच फलक वाचतात, परंतु त्यात वेगवेगळ्या गोष्टी शोधतात. पालकाला जाणून घ्यायचे असते की इथे वेळ पाळली जाईल का, मुलावर कोणाचे लक्ष असेल का आणि शाळेच्या परीक्षेच्या दिवसांत काय होईल. मुलाला मात्र डोळ्यांसमोर काहीतरी यावे लागते: एखादा प्राणी, एखादी वस्तू, एखादी हालचाल. म्हणून जे चित्र म्हणून मुलाला आवडते आणि ज्याच्या वागण्यातच नियम आहे, असे काहीतरी मूर्त नाव म्हणून शोधावे. उरलेले साधे काम, म्हणजे हे काय आहे, कोणासाठी आहे आणि कुठे आहे हे सांगणे, नावाखालच्या ओळीवर सोपवावे.

'शिस्त', 'संस्कार', 'साधना' अशी नावे पालकांना लगेच पटतात. ती का नकोत?

ती पालकांना पटतात हे खरे आहे, आणि प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा उपयोगही होतो. अडचण त्यानंतर सुरू होते. आठ वर्षांच्या मुलाला शाळेत कोणी विचारले की तू संध्याकाळी कुठे जातोस, तर 'मी शिस्तला जातो' असे तो सांगत नाही. तो 'बॅडमिंटनला' असे म्हणतो आणि अकादमीचे नाव त्याच्या तोंडी येतच नाही. मुलाने मित्राला सांगणे हा लहान मुलांच्या वर्गांसाठी प्रवेशाचा मोठा मार्ग असतो. गुणवाचक नाव तो मार्ग बंद करते. शिवाय अशा नावाच्या फलकाखाली एखाद्या दिवशी वर्ग वीस मिनिटे उशिरा सुरू झाला, तर त्या नावाचीच थट्टा होते.

'द्रोणाचार्य' या नावाबद्दल वेगळे सांगावे लागेल, कारण ते जवळपास प्रत्येक यादीत असते. या नावाचा क्रीडा प्रशिक्षकांसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार असल्यामुळे, प्रशिक्षकाला तो मिळाला आहे असा पालकांचा समज होऊ शकतो. आणि ज्या खेळात बॅकहँडची पकड अंगठ्याच्या आधारावर उभी असते, त्या खेळाच्या वर्गाला एकलव्याचा अंगठा मागणाऱ्या गुरूचे नाव द्यावे, हे मला तरी विचित्र वाटते.

मग मुलांना आवडेल असे झगमगते इंग्रजी नाव घेतले तर?

'स्मॅश', 'चॅम्प्स', 'किड्झ' हे शब्द देशभर वापरून गुळगुळीत झाले आहेत, त्यामुळे आपली अकादमी शेजारच्या अकादमीपासून वेगळी ओळखू येत नाही आणि पुढे नावाची कायदेशीर नोंदणी करतानाही त्रास होतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे 'स्मॅश' हे नाव चुकीचे वचन देते. लहान मुलांना आधी पकड, उभे राहण्याची पद्धत, पायांची हालचाल आणि सर्व्हिस शिकवावी लागते. स्मॅश बराच नंतर येतो. नाव 'स्मॅश' ठेवले की सहा वर्षांचे मूल पहिल्याच दिवशी रॅकेट डोक्यावरून गरागरा फिरवते, आणि पालकाला गोंधळच दिसतो.

एखादे उदाहरण पूर्णपणे सोडवून दाखवाल का?

असे धरू की जुळे सोलापुरात एका प्रशिक्षकाने भाड्याच्या हॉलमध्ये दोन कोर्ट आखले आहेत आणि सहा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग सुरू करायचे आहेत. येणाऱ्या घरांत मराठी बोलणारी असतील, तशीच पूर्व भागातून येणारी तेलुगू, अक्कलकोटकडची कन्नड आणि उर्दू बोलणारी घरेही असतील. म्हणजे नाव चार भाषांच्या तोंडांतून जाणार आहे. प्रशिक्षकाच्या यादीत चार नावे उरली आहेत: 'उडते फूल', 'सोळा पिसे', 'पिसारा' आणि 'कोतवाल'. चारही मूर्त आहेत, चारही खेळाशी किंवा उडण्याशी जोडलेली आहेत, त्यामुळे कागदावर सगळीच चांगली दिसतात.

'उडते फूल' हे नाव ऐकायला गोड आहे. शटलला आपल्याकडे फूलच म्हणतात, त्यामुळे मराठी मुलाला ते लगेच कळते. परंतु हेच नाव टी-शर्टवर आणि स्पर्धेच्या प्रवेशअर्जावर रोमन लिपीत लिहावे लागते, आणि तिथे 'फूल' हा शब्द कोणी इंग्रजी 'फुल', म्हणजे भरलेला, असा वाचेल तर कोणी सरळ इंग्रजी 'फूल', म्हणजे मूर्ख, असा वाचेल. इंग्रजी माध्यमातली मुले दुसरा अर्थ पहिल्या दिवशीच शोधून काढतील. हे नाव इथेच गळते.

'सोळा पिसे' हे माझ्या मते यादीतले सर्वांत हुशार नाव आहे. पिसांच्या शटलमध्ये नियमानुसार सोळा पिसे असतात, एका शटलमधली सगळी पिसे सारख्या लांबीची असावी लागतात आणि ही लांबी 62 ते 70 मिलिमीटरच्या दरम्यान असते. एक पीस मोडले तरी शटल हवेत डगमगते. त्यामुळे पालकांना शिस्तीचा अर्थ समजावून सांगता येतो, मुलांना पिसे मोजण्याचा खेळ मिळतो, आणि सोलापूर म्हणजे सोळा गावांचे पूर ही इथे लहानपणापासून ऐकलेली व्युत्पत्तीही सोबत येते. विद्वानांना ही व्युत्पत्ती मान्य नाही, पण नावाला तेवढा आधार पुरतो. इतके सगळे असूनही हे नाव तोंडी चाचणीत पडते. 'पिसे' या शब्दाचा दुसरा अर्थ वेड असा आहे, हे आजोबांच्या लगेच लक्षात येते. आणि ज्यांच्या घरी मराठी बोलत नाहीत ती मुले रोमन अक्षरे पाहून 'सोला पैसे' असे वाचतात. फी भरणाऱ्या पालकाने आपल्या मुलाच्या वर्गाला 'सोळा पैसे' म्हणावे, हे कोणत्याही संचालकाला परवडणार नाही.

'पिसारा' हे नाव त्या मानाने सुटसुटीत आहे. मोर डोळ्यांसमोर येतो, उच्चार सर्वांना जमतो, रोमन लिपीतही वाचताना कोणी अडत नाही. पण मराठी घरात 'पिसारा' आणि 'पसारा' यांच्यात एकाच मात्रेचे अंतर आहे. मुलाची खोली पाहून आई रोज जो शब्द उच्चारते, तोच अकादमीच्या नावावर बसला की शिस्तीचे चित्र पुसले गेलेच म्हणून समजावे.

आता 'कोतवाल'. हा काळा, चमकदार, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी सोलापूरच्या आसपास शेतातल्या विजेच्या तारेवर, कुंपणावर किंवा गुरांच्या पाठीवर बसलेला सहज दिसतो. तो तारेवरून झेप घेतो, उडता कीटक हवेतच पकडतो आणि बहुधा पुन्हा आपल्या जागी येऊन बसतो. बॅडमिंटनमध्ये प्रत्येक फटक्यानंतर कोर्टच्या मध्याकडे परत यायचे असते, आणि लहान मुलाला हीच गोष्ट शिकवणे सर्वांत अवघड जाते, कारण फटका मारला की ते तिथेच उभे राहून फूल कुठे पडले ते पाहत बसते. 'कोतवालासारखे तारेवर परत ये' असे सांगितले की ते हसते आणि परतही येते. हा पक्षी घार आणि कावळा यांच्यासारख्या मोठ्या पक्ष्यांच्या अंगावर धावून जातो, आणि त्याच्या घरट्याच्या आश्रयाने काही लहान पक्षी आपली घरटी बांधतात, ही माहिती मुलांना भलतीच आवडते. पालकांच्या कानाला मात्र आधी राखणदार कोतवाल ऐकू येतो, म्हणजे लक्ष ठेवणारा, रात्रीची गस्त घालणारा. शब्द तेलुगू, कन्नड आणि उर्दू घरांतही परका नाही. चार नावांपैकी हे एकच नाव दोन्ही वाचकांना दोन वेगळी चित्रे दाखवते आणि ती चित्रे एकमेकांशी भांडत नाहीत. म्हणून या उदाहरणात फलक असा होईल: मोठ्या अक्षरांत 'कोतवाल', शेजारी तारेवरचा पक्षी आणि खाली 'मुलांची बॅडमिंटन अकादमी, जुळे सोलापूर'.

'कोतवाल' हे तर आडनाव आहे, आणि पोलिसांचीही आठवण येते. हे दोष नाहीत का?

दोष आहेत, आणि ते झाकण्याऐवजी फलकावरच सोडवले पाहिजेत. आडनावाचा गैरसमज चित्राने दूर होतो. पक्षी दिसला की संचालकाचे नाव कोतवाल असेल असे कोणी धरत नाही. मात्र चित्राशिवाय नाव छापण्याची सवय लागली, उदाहरणार्थ पावतीवर किंवा व्हॉट्सॲप गटाच्या नावात, तर गैरसमज परत येतो. म्हणून चित्र हा नावाचाच भाग मानावा. पोलिसी छटेसाठी एक नियम पुरेसा आहे: चित्रात टोपी, शिटी, काठी किंवा रागावलेले डोळे नकोत. चित्रकाराला मोकळे सोडले तर तो पक्ष्याला खाकी टोपी घालणारच, हे गृहीत धरून आधीच सांगावे. मोहोळ, बार्शीकडच्या गावांतून आलेल्या पालकांना तलाठ्याच्या हाताखालचा गावकोतवालही आठवेल. त्यात काही अपमानास्पद नाही, आणि दवंडी पिटणारा माणूस म्हणून ती आठवण बहुधा हसतमुखच असते.

नाव पक्के करण्यापूर्वी ते कसे तपासावे?

मुलांना 'हे नाव आवडले का' असे विचारू नये, कारण मोठ्या माणसाला बरे वाटावे म्हणून ती 'हो' म्हणतात. नाव एकदाच मोठ्याने सांगावे, त्यानंतर अर्धा तास खेळू द्यावे आणि घरी जाताना नाव काय होते ते विचारावे. ज्यांना आठवते त्यांना कागदावर त्याचे चित्र काढायला सांगावे. चित्र निघाले नाही, किंवा प्रत्येकाने केवळ रॅकेट काढले, तर नावात चित्र नाही असे समजावे. मग सर्वांत खोडकर मुलाला बाजूला घेऊन विचारावे की या नावावरून तुम्ही एकमेकांना काय चिडवाल. वरच्या उदाहरणातले 'पैसे' आणि 'पसारा' हे दोन्ही दोष अशाच प्रश्नातून बाहेर येतात. मोठ्यांच्या बैठकीत ते कोणालाच सुचत नाहीत.

पालकांसाठी चाचणी वेगळी आहे. एखाद्या आजीला नाव केवळ फोनवर सांगावे आणि तेच त्यांनी रिक्षावाल्याला सांगावे अशी विनंती करावी. सात रस्त्याच्या गोंगाटात 'कोतवाल बॅडमिंटनला सोडा' हे वाक्य न अडखळता निघाले, तर नाव चालेल. त्यानंतर तेच नाव फीच्या पावतीवर छापून पाहावे. काही नावे फलकावर शोभतात, पण पावतीच्या वर आली की वाढदिवसाच्या मेजवानीचे बिल वाटते; 'धमाल' आणि 'मस्ती' असलेल्या नावांचे असे हमखास होते.

आद्याक्षरेही तपासावीत, कारण स्पर्धेच्या तक्त्यात पूर्ण नावाला जागा नसते. 'सोलापूर ॲकॅडमी ऑफ डिसिप्लिन' असे भारदस्त नाव घेतले आणि तक्ता लिहिणाऱ्याने मधला 'ऑफ' गाळला, तर इंग्रजी आद्याक्षरांतून 'सॅड' तयार होते, आणि हरणाऱ्या मुलाच्या नावापुढे ते लिहिलेले बरे दिसत नाही.

नावात 'सोलापूर' किंवा भागाचे नाव घालावे का?

खालच्या ओळीत जरूर घालावे, मुख्य नावात घालू नये. गावाचे नाव कोणा एकाचे नसते, त्यामुळे 'सोलापूर बॅडमिंटन अकादमी' या नुसत्या वर्णनावर आपला एकट्याचा हक्क सांगणे कठीण जाते आणि उद्या दुसऱ्याने जवळजवळ तेच नाव घेतले तर हात चोळत बसावे लागते. भागाच्या नावाची अडचण व्यावहारिक आहे: भाडेकरार संपला आणि जुळे सोलापुरातून होटगी रस्त्याला जावे लागले, तर खालची ओळ बदलता येते, मुख्य नाव बदलणे महागात पडते.

'अकादमी', 'क्लब', 'क्लास' की 'शाळा'?

पालकांच्या कानाला 'क्लब' म्हणजे सभासदत्व भरून मोठ्या माणसांनी संध्याकाळी येऊन खेळण्याची जागा वाटते, त्यामुळे लहान मुलांसाठी तो शब्द टाळावा. 'क्लास' हा आपल्याकडे बोलण्यातला शब्द आहे, आणि तुम्ही काहीही लिहिले तरी पालक 'क्लास लावला' असेच म्हणणार. परंतु लिहिताना तो गणिताच्या शिकवणीची आठवण करून देतो आणि मुलाच्या कपाळावर आठी आणतो. 'शाळा' गोड आहे, पण दिवसभर शाळेत बसून आलेल्या मुलाला संध्याकाळी आणखी एक शाळा दाखवू नये. 'अकादमी' हा शब्द थोडा जड असला तरी तो खालच्या ओळीत पालकांसाठी असतो, मुले तो उच्चारतही नाहीत, म्हणून तोच ठेवावा.

एवढे मात्र पाहावे की एका कोर्टवर तीस मुले उभी करून 'अकादमी' म्हणू नये. बॅडमिंटनचे दुहेरीचे कोर्ट 13.40 मीटर लांब आणि 6.10 मीटर रुंद असते, आणि तेवढ्या जागेत किती मुले खरोखर फटके मारू शकतात हे पालकाला नुसते दारात उभे राहून कळते.

वयोगटांना वेगळी नावे द्यावीत का?

द्यावीत, कारण मजेचा मोठा भाग इथेच ठेवता येतो आणि मुख्य नावावरचा भार हलका होतो. मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली ही की नावे चढत्या क्रमाची असावीत आणि प्रत्येक नावाला शिकवण्याचा ठरलेला मजकूर जोडलेला असावा. तसे केले की मुलाला पुढच्या गटात जाण्याची ओढ लागते आणि पालकाला अभ्यासक्रम दिसतो. दुसरी ही की सर्वांत खालच्या गटाचे नावही मुलाला लाज आणणारे नसावे. 'पिल्लू' हे नाव सहा वर्षांच्या मुलीला आवडेल, पण दहाव्या वर्षी नव्याने सुरुवात करणारा मुलगा त्या गटात उभा राहणार नाही, आणि नवशिके कोणत्याही वयात येतात.

आपल्या उदाहरणात तीन गट पुरतात: तार, झेप आणि भरारी. 'तार' या गटात रॅकेटची पकड, तयारीत उभे राहणे आणि प्रत्येक फटक्यानंतर मध्याकडे परत येणे एवढेच असते. 'झेप' या गटात कोर्टच्या कोपऱ्यांपर्यंतची पावले आणि सर्व्हिस येते. 'भरारी' या गटात गुण मोजून सामने खेळले जातात आणि अकरा किंवा तेरा वर्षांखालील स्पर्धांच्या प्रवेशाचा विचार सुरू होतो. गट बदलण्याचा निकष वयावर न ठेवता कौशल्यावर ठेवावा आणि तो निकष भिंतीवर लिहून लावावा. पालकांना दिसणारी शिस्त बहुतेक वेळा या कागदातून दिसते.

फलक मराठीतच लावावा लागतो का?

महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांच्या कायद्यानुसार नामफलक देवनागरी लिपीत मराठीत असावा लागतो. 2022 मधील दुरुस्तीनंतर ही अट लहान आस्थापनांनाही लागू झाली. इतर भाषाही वापरता येतात, पण मराठी अक्षरे त्यांच्यापेक्षा लहान असून चालत नाहीत. म्हणून नाव आधी देवनागरीत चांगले दिसते का ते पाहावे आणि मग रोमन अक्षरांकडे वळावे. बहुतेक जण नेमके उलट करतात आणि शेवटी ओढूनताणून मराठी अक्षरे कोंबतात. रोमन लिखाण एकच ठरवावे, म्हणजे आपल्या उदाहरणात Kotwal असे, आणि पावती, टी-शर्ट, प्रवेशअर्ज सगळीकडे तेच ठेवावे.

महापुरुषाचे किंवा प्रसिद्ध खेळाडूचे नाव देता येते का?

1950 चा एक केंद्रीय कायदा चिन्हे व नावे यांच्या अयोग्य वापराला प्रतिबंध करतो. त्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांची नावे आहेत, आणि व्यवसायासाठी ती परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. शासनाचा आश्रय आहे असे सुचवणारी नावेही त्यात मोडतात, त्यामुळे 'राष्ट्रीय' किंवा 'शासनमान्य' असे शब्द सहज म्हणून जोडू नयेत. 'खेलो इंडिया' ही केंद्र सरकारची योजना आहे; मान्यता नसताना ते शब्द फलकावर लिहिणे म्हणजे पालकांची दिशाभूल आहे. ऑलिंपिकच्या पाच कड्यांचे चित्र तर अजिबात वापरू नये.

खेळाडूंबद्दल सांगायचे तर बेंगळुरूतील प्रकाश पदुकोण आणि हैदराबादेतील पुल्लेला गोपीचंद यांच्या अकादम्यांना त्यांची नावे शोभतात, कारण ते स्वतः तिथे उभे आहेत. आपण दुसऱ्याचे नाव घेतले तर जिवंत व्यक्तीची संमती लागते, आणि व्यापारचिन्हाच्या नोंदणीत निबंधक मृत्यूनंतर वीस वर्षांपर्यंत वारसांची संमती मागू शकतो. मुलांच्या बाजूनेही त्याचा उपयोग थोडाच होतो. नंदू नाटेकर हे सांगलीत जन्मलेले, 1956 मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. त्यांचे नाव आजोबांच्या डोळ्यांत चमक आणते, परंतु सात वर्षांच्या मुलाला ते फक्त एक आडनाव वाटते. अशी नावे आतल्या कोर्टांना द्यावीत आणि त्याखाली दोन ओळींची माहिती लावावी.

नावाची कायदेशीर नोंदणी करावी का? ती कशी होते?

नोंदणीशिवायही वर्ग सुरू करता येतात, परंतु टी-शर्ट आणि फलकांवर खर्च करण्यापूर्वी किमान शोध तरी घ्यावा. व्यापारचिन्ह निबंधकाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोध घेता येतो. शिक्षण, प्रशिक्षण आणि क्रीडाविषयक सेवा वर्ग 41 मध्ये येतात, म्हणून त्या वर्गात नाव शोधावे, आणि अक्षरांबरोबरच उच्चारसाम्याचा शोधही घ्यावा. वेगळे लिहिलेले पण सारखे ऐकू येणारे नाव आक्षेपाला पुरेसे असते. अर्ज ऑनलाइन केल्यास व्यक्ती किंवा लघुउद्योगासाठी एका वर्गाचे शुल्क 4,500 रुपये आहे. अर्ज तपासला जातो, मग नियतकालिकात प्रसिद्ध होतो, त्यानंतर चार महिने इतरांना विरोध नोंदवता येतो, आणि नोंदणी झाल्यास ती दहा वर्षे टिकते व पुढे नूतनीकरण करता येते.

'मुलांची बॅडमिंटन अकादमी' यासारख्या निव्वळ वर्णनावर नोंदणी मिळणे अवघड असते, कारण ते शब्द सर्वांनाच लागतात. 'कोतवाल' हे आडनाव असल्यामुळे एकटे दुर्बल आहे, म्हणून पक्ष्याच्या चित्रासह संयुक्त चिन्हाचा अर्ज करावा. अर्थात त्यामुळे मिळणारे संरक्षण त्या जोडीपुरते अधिक भक्कम राहते, एकट्या शब्दापुरते नाही, हे जाणून असावे. नोंदणी पूर्ण होण्यापूर्वी वर्तुळातले 'आर' हे चिन्ह वापरणे गुन्हा आहे. तोपर्यंत 'टीएम' लिहावे.

गुगलवरच्या नकाशात नावापुढे 'सोलापुरातील सर्वोत्तम बॅडमिंटन क्लास' असे जोडावे का?

जोडू नये. तिथे फलकावरचे खरे नावच लिहायचे असा गुगलचा नियम आहे आणि जादा शब्द कोंबल्यास नोंद निलंबित होऊ शकते. व्यवसायाचा प्रकार, पत्ता आणि वेळा यांसाठी वेगळे रकाने आहेत. पालकांना शोधताना उपयोग होतो तो त्यांचाच.

गणवेशावर नाव कसे घ्यावे?

गणवेश शिवणाऱ्या शहरात हा प्रश्न सोपा आहे आणि त्याचा फायदा घ्यावा. टी-शर्टच्या पाठीवर केवळ 'कोतवाल' हा एक शब्द आणि छातीवर छोटा पक्षी पुरतो. पाठीवर फोन क्रमांक छापला की मूल चालतीबोलती जाहिरात होते आणि मोठी मुले तो टी-शर्ट घालणे टाळतात. मला विशेष सुचवावासा वाटतो तो टॉवेल. प्रत्येक मुलाला घाम पुसायला नॅपकिन लागतोच, आणि जॅकार्ड मागावर नाव विणून घेणे सोलापुरात अवघड नाही. चार-पाच अक्षरांचे नाव विणकामात स्पष्ट उठते, लांबलचक नाव काठात गिचमिड होते. नाव आखूड ठेवण्याचे हे आणखी एक कारण. गटानुसार काठाचा रंग बदलला, तर 'तार' मधून 'झेप' मध्ये गेल्यावर मुलाला नवा नॅपकिन मिळतो, आणि पालकाला घरी बसून प्रगती कळते.

आमची अकादमी आधीच दुसऱ्या नावाने चालू आहे. आता नाव बदलावे का?

मुले नाव उच्चारत असतील आणि नवे पालक वाट न चुकता येत असतील, तर बदलू नये; नाव सामान्य आहे एवढे कारण पुरेसे नाही. चिडवण्याचा शब्द रूढ झाला असेल, दुसऱ्याच्या नावाशी गोंधळ होत असेल किंवा कायद्याची हरकत असेल, तरच बदलावे. तसे करायचे झाल्यास वार्षिक परीक्षा संपल्यावर, उन्हाळी शिबिराच्या आधी करावे, कारण शिबिरात नवी मुले येतात आणि त्यांना जुने नाव माहीतच नसते. जूनमध्ये, शाळा सुरू होताना बदल केला तर पालक आधीच वह्या, गणवेश आणि फी यांत बुडालेले असतात आणि वर्ग दुसऱ्याच्या हाती गेला अशी अफवा पसरते. नव्या पावतीवर एक पूर्ण सत्र 'पूर्वीचे नाव' अशी ओळ ठेवावी, बँक खाते आणि यूपीआयवर दिसणारे नाव त्याच आठवड्यात बदलून घ्यावे, कारण फी भरताना पडद्यावर वेगळेच नाव दिसले की पालक पैसे पाठवायचे थांबतात आणि आधी फोन करतात.